‘ओन्ली सीरियस’ मंडळींसाठी बायो लेखनाचा क्रॅश कोर्स

परवा डेटिंग ॲपवर एका बायोची पहिलीच ओळ वाचली: ‘टाइमपास करणाऱ्यांनी इथूनच परत फिरा.’ वर फोटो, गंगापूर धरणाच्या काठावर बाइकला टेकून, गॉगल लावून. पंगतीला बोलवायचं आणि दारात दंडुका घेऊन उभं राहायचं, ही पद्धत इतकी पसंत पडली की समस्त नाशिककरांना ती रीतसर शिकवायचं ठरवलं.

सुरुवात विशेषणांनी करा. ‘साधा, सरळ, प्रेमळ, फनी.’ ‘फनी’ एकदा लिहून टाकलं की विनोद करायची जबाबदारी संपते.

पुढे ‘फूडी’ लिहाच. नाशकात जेवणारं माणूस तुम्हीच पहिलं.

‘जस्ट आस्क’ही चालेल. आपल्याबद्दल काय विचारायचं, तेही समोरच्यानंच शोधून काढावं.

आता मुख्य भाग: अपेक्षा. विवाह मंडळाच्या बायोडेटात या रकान्याला दोन ओळी मिळतात, इथे सगळी जागा तुमचीच. बंबलवर 300 अक्षरं, टिंडरवर 500. त्यातली निम्मी ‘उंची 5 फूट 10च्या खाली नको, स्मोकर नको, ड्रामा नको, ॲटिट्यूड नको, हाय-हॅलोवाले नकोत’ यात घालवा. उंची, सिगारेट, दारू, मुलं हवीत की नकोत, हे सांगायला ॲपमध्ये वेगळे रकाने असतात, वय आणि अंतरासाठी फिल्टर असतात, हे विसरून जा. ते भरायचं काम दोन मिनिटांचं, पण मग बायोत लिहायला राहणार काय? आणि ‘टाइमपासवाले नकोत’ हे वाचून कुठला टाइमपासवाला लाजून परत गेला हो? तो वाचतच नाही, तो फोटो बघून बोट सरकवतो. वाचतं ते शहाणं माणूस, आणि ‘याला आधीच कुणीतरी छळलंय, आता हिशेब माझ्याकडून चुकता करणार’ असं म्हणून तेच निघून जातं. म्हणजे तुमची चाळणी धान्य खाली पाडते आणि खडे राखते! वर तक्रार काय, तर ‘इथे कुणी सीरियस नाही.’

आणि तो ‘हाय’ येतो कुठून, याचाही विचार करा. बंबलवर जोडी जुळल्यावर पहिल्या मेसेजसाठी चोवीस तास असतात. तेवढ्यात समोरच्यानं तुमचा बायो उघडला, तर धरायला काय सापडतं? ‘साधा, सरळ’. यावर कोण काय विचारणार, ‘किती सरळ?’ मग बिचारा ‘हाय’ टाकतो आणि तुम्ही चिडता. हिंजवर तर तीन प्रश्नांची उत्तरं देणं भागच असतं, प्रत्येकी 150 अक्षरांत, आणि त्यातल्या एकेका उत्तरावर थेट कमेंट टाकता येते. तिथेही आपण तीनदा ‘फॅमिली फर्स्ट’ लिहून येतो.

बरं, थट्टा पुरे. अंबडच्या कारखान्यात शिफ्ट करणाऱ्या एखाद्याचा हा बायो घ्या: ‘फूडी, ट्रेकर, मेहनती, फनी. नो ड्रामा.’ प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारा: नेमकं कधी, कुठे, काय? फूडी म्हणजे रविवारी मिसळ. ट्रेकर म्हणजे ब्रह्मगिरी. मेहनती म्हणजे नाइट शिफ्ट. आता लिहा:

‘नाइट शिफ्ट सुटली की थेट मिसळीला. पापड आधी संपवतो, तर्री दोनदा मागतो, दुपारी पस्तावतो. ब्रह्मगिरीवर माकडांनी माझी बिस्किटं दोनदा पळवली आहेत. तिसऱ्या वेळी पिशवी कोण धरणार?’

हे बंबलच्या 300 अक्षरांत आरामात बसतं. ‘मेहनती’ न म्हणता कळलं, विनोद स्वतःवर झाला, आणि शेवटच्या प्रश्नामुळे समोरच्याला पहिला मेसेज आयता मिळाला. मात्र हे खरं तुमच्या बाबतीत घडलेलं असावं लागतं. उचललेला विनोद पहिल्याच ‘मग पुढे काय झालं?’ला उघडा पडतो. आणि तिरकस बोलणं जपून. समोरासमोर जे हसून म्हणता, ते लेखी आलं की नुसतं खवचट वाटतं, कारण बायोत तुमचा चेहरा दिसत नाही.

अहो, तुम्ही माणसं कंटाळवाणी नाही आहात. चहाच्या टपरीवर तासभर हसवता सगळ्यांना, आणि बायो लिहायला बसलात की अंगात सोसायटीचा सेक्रेटरी संचारतो! नोटीस बोर्डाची भाषा काय, अटी-शर्ती काय! कुणी तुमच्याकडे नोकरीचा अर्ज केलेला नाही. समोरचंही ऑफिसातून दमून आलेलं माणूस आहे, द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमधून सुटून आलेलं, आणि त्याला घरी आल्यावर आणखी दम ऐकायची हौस नाही. उघडा तो बायो, ‘नको’ असलेली प्रत्येक ओळ खोडा, आणि उरलेल्या जागेत गेल्या महिन्यात तुमची झालेली एक फजिती लिहा. तेवढंही सुचत नसेल तर मित्राला विचारा, तो एका दमात चार सांगेल.