‘सत्तरपर्यंत ठणठणीत’ या मेसेजबद्दल खुलासा

“भारतीयांचं आयुर्मान ७०.८ झालं! म्हणजे आता सत्तरपर्यंत ठणठणीत!”

पंचवटीतल्या आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर हे फिरतंय. आकडा खराच आहे, जागतिक आरोग्य संघटनेचा, २०१९चा. पण त्यात मोजलीत ती फक्त जगलेली वर्षं. त्याच तक्त्यात निरोगी आयुर्मान ६०.३ दिलंय.

साठीला सगळे अंथरूण धरतात, असा मात्र त्याचा अर्थ नाही. आजारपणात गेलेलं वर्ष पूर्ण धरत नाहीत, त्रासाच्या प्रमाणात कापतात. समजा, गुडघेदुखीसाठी वर्षाचा दहावा भाग कापला, तर दुखऱ्या गुडघ्यांची दहा वर्षं नऊच भरतात. ही कपात तरुणपणातल्या आजारांचीही होते.

माझ्या काकांना अठ्ठावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅक आला, स्टेंट टाकून वाचले. आज बहात्तर. रामकुंडाच्या पायऱ्या उतरताना दोनदा थांबतात, शिवाय मधुमेहाच्या गोळ्या. पूर्वी हा माणूस तेव्हाच गेला असता. मरण टळलं, दुखणं राहिलं. म्हणूनच जगभरात २००० ते २०१९ दरम्यान आयुर्मान सहा वर्षांहून जास्त वाढलं, निरोगी वर्षं साधारण साडेपाचच.

मीही तो मेसेज दोन ग्रुपवर टाकला होता, आता काढलाय. तुम्हीही पुढे पाठवू नका.