रात्री बारानंतरच्या ऑर्डर आदल्या महिन्यात का दिसतात

“ऑनलाइन विकणाऱ्यांनो सावधान! रात्री बारानंतरच्या ऑर्डर कंपनी मुद्दाम आदल्या महिन्यात दाखवते आणि ते पैसे गिळते. जीएसटीत घोळ नको असेल तर बिलाची तारीख रिपोर्टप्रमाणे बदला. सगळ्या ग्रुपवर पाठवा!”

माझी वहिनी घरचे मसाले ऑनलाइन विकते. हा मेसेज वाचून ती एप्रिलचं रिटर्न भरण्याआधी बिलं बदलायला बसली होती. म्हणून आधी त्या बिलांचंच सांगतो.

बिलाची तारीख अजिबात बदलू नका. सीजीएसटी कायद्याचं कलम १२ वाचा. मालावरचा कर कोणत्या महिन्यात धरायचा हे बिलाच्या तारखेवरून ठरतं, किंवा बिल द्यायची मुदत आधी संपत असेल तर तिच्यावरून. ऑर्डर किती वाजता आली याचा तिथे संबंधच नाही. वहिनीची एक ऑर्डर ३१ मार्च उलटल्यावर रात्री २ वाजून १० मिनिटांनी आली. माल १ एप्रिलला दुपारी गेला, बिलही त्याच दिवशीचं. मग कर एप्रिलमध्येच. रिपोर्ट ३१ मार्च दाखवतो म्हणून बिलावर ती तारीख घातली, तर विक्री थेट मागच्या आर्थिक वर्षात जाते. बिलांचे अनुक्रमांक वर्षापुरते असतात, त्यामुळे नव्या वर्षाच्या क्रमांकावर जुन्या वर्षाची तारीख येते. तोवर मार्चचं रिटर्न भरूनही झालेलं असतं. हे निस्तरायला मेसेज पाठवणारा येणार आहे का?

आता रिपोर्टचं. बऱ्याच प्रणाली वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत साठवतात आणि ती आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे असते. आपले रात्रीचे २:१० म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे रात्रीचे ८:४०. त्यामुळे अशा रिपोर्टमधला मार्च आपल्या १ मार्चच्या पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि १ एप्रिलच्या पहाटे साडेपाचला संपतो. एका टोकाला काही ऑर्डर आत येतात, दुसऱ्या टोकाला काही बाहेर जातात. पैसे कुणी गिळत नाही. ऑर्डर क्रमांक घेऊन पेमेंटच्या यादीत शोधा, रक्कम सापडेल.

खूण सोपी आहे. ५:२९ ची ऑर्डर आदल्या दिवशी आणि ५:३१ ची त्याच दिवशी दिसली, तर रिपोर्ट यूटीसीचा. उन्हाळ्यात दुपारी साडेबारापर्यंतच्या ऑर्डर मागे सरकत असतील, तर तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेचा. हिवाळ्यात तीच सीमा दीडवर जाते.

एक मात्र मान्य करावं लागेल. रिपोर्ट कोणत्या वेळेचा आहे हे ठळकपणे न लिहिणं ही कंपन्यांचीच चूक आहे. स्क्रीनवर भारतीय वेळ आणि डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये यूटीसी, असंही होतं. फाइलमधल्या वेळेच्या शेवटी `Z` किंवा `+00:00` असेल तर ती यूटीसी समजा. सेटिंग्जमध्ये टाइम झोन निवडता येत असेल तर `Asia/Kolkata` ठेवा, आणि जीएसटीचे आकडे बिलांच्या नोंदवहीतूनच घ्या.