साखर १८६ अंशांना वितळते की मोडते?

"साखरेचा द्रवणांक १८६ अंश सेल्सियस, पुस्तकात छापलेला आहे. डीएससीत, म्हणजे तापवताना नमुना किती उष्णता शोषतो ते मोजणाऱ्या चाचणीत, शिखर तिथंच येतं आणि टीजीएत, म्हणजे तापवताना वजन मोजणाऱ्या चाचणीत, तिथं वजन जवळपास घटत नाही. म्हणजे साखर आधी स्वच्छ वितळते, अपघटन नंतर. वादाला जागाच नाही."

या दाव्यातलं आधी वजनाचं बघू, कारण सगळी भिस्त त्यावर आहे. टीजीएचा काटा फक्त पॅनमधून बाहेर पडलेलं मोजतो. साखरेचा, म्हणजे सुक्रोजचा, रेणू मोडताना आधी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांना जोडणारा बंध तुटतो. त्यातून होणारे पदार्थ बाष्पशील नसतात, ते पॅनमध्येच राहतात. पाणी आणि इतर वायू मोठ्या प्रमाणात सुटू लागतात ते बरंच पुढे, २०० अंशांच्या वर. तेव्हा सपाट वजनरेषा सांगते की वायू सुटला नाही. रेणू शाबूत आहे, हे ती सांगूच शकत नाही.

आता शिखर. स्फटिकाची रचना ढासळली की उष्णता शोषली जाते आणि शिखर उमटतं. ती रचना निव्वळ वितळण्यानं ढासळली की आतले रेणू मोडल्यानं, हे एका वक्रावरून कळत नाही. त्यासाठी तापवण्याचा वेग बदलून पाहावा लागतो. पाचेक मिलिग्रॅम नमुना मिनिटाला १० अंशांनी तापवा, मग दुसरा ताजा नमुना १ अंशानं, आणि शिखराचं टोक न बघता त्याची सुरुवात वाचा. न मोडता वितळणाऱ्या इंडियम या धातूची सुरुवात, उपकरणाचं अंशांकन नीट असेल तर, दोन्ही वेळा १५६.६ अंशांच्या आसपासच राहते. साखरेची मात्र हळू तापवल्यावर बरीच खाली सरकते. अपघटनाला वेळ लागतो, आणि हळू तापवलं की तो मिळतो. तयार झालेले पदार्थ अशुद्धीसारखे वागतात, म्हणून उरलेला स्फटिक कमी तापमानालाच कोसळतो. इलिनॉय विद्यापीठातल्या गटानं २०११ मध्ये हेच वेगावरचं अवलंबन तपशिलात मांडलं. म्हणजे १८६ हा आकडा खोटा नाही, पण तो तापवण्याच्या एका विशिष्ट वेगाचा आहे.

उसाच्या साखरेत अनेकदा १५० अंशांजवळ आणखी एक छोटं शिखर दिसतं. ते आलं म्हणून नमुना भेसळीचा ठरवू नये.

"गार करून पुन्हा तापवा, शिखर आलं नाही तर अपघटन झालं", हा उपायही साखरेला लागू पडत नाही. वितळलेली साखर गार झाल्यावर स्फटिक न होता काचेसारखी गोठते, त्यामुळे न मोडलेल्या साखरेतही दुसऱ्यांदा शिखर गायब असू शकतं. खात्री हवी तर शिखराच्या अलीकडे तापवणं थांबवून नमुना एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणावर, लावा. ताज्या साखरेत नसलेला ग्लुकोज तिथं दिसला, की प्रश्न मिटला.

नेहमीच्या वेगांना त्या शिखरात वितळणं आणि मोडणं दोन्ही मिसळलेलं असू शकतं. म्हणून त्याच्या क्षेत्रफळाला निव्वळ द्रवणाची उष्णता म्हणू नये, आणि शिखराच्या आकारावरून शुद्धतेची टक्केवारी तर काढूच नये. ते गणित पदार्थ न मोडता वितळतो असं धरूनच मांडलेलं आहे.