"सहज डोकावून जातो" म्हणू नका

आठ वर्षांपूर्वी माझ्या लेकीला बघायला पहिलं स्थळ आलं. फोनवर मुलाचे काका म्हणाले, "रविवारी आम्ही तिकडे एका लग्नाला येतोच आहोत, सहज डोकावून जातो." सहज म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? आले नऊ जण. पोह्यांचा दुसरा घाणा टाकावा लागला. निघताना मुलाच्या आत्याने लेकीची ओटी भरली आणि तिच्या हातात 500 रुपयांची नोट ठेवली. लेक तोवर त्या मुलाशी दहा मिनिटंही बोललेली नव्हती. पण नारळ घरात आला म्हणजे माझ्या सासूबाईंच्या लेखी ठरल्यातच जमा होतं. तिला मुलगा पसंत नव्हता. नकार कळवायला आम्ही तीन आठवडे लावले आणि शेवटी "पत्रिका जुळत नाही" असं खोटंच सांगितलं. ती माणसं वाईट नव्हती. आम्हाला नाही म्हणायला जागाच उरली नव्हती, एवढंच.

यंदा धाकट्याचं बघायला घेतलं आणि मी मुलाकडची झाले. कराडचं एक स्थळ आलं, मुलगी पुण्यातच नोकरीला. बायोडाटा दोन्हीकडे पोहोचला होता, पत्रिकाही पाहून झाली होती. (पत्रिका मानत असाल तर ती भेटीआधीच पाहा. भेटीनंतर नाडीदोष निघाला की समोरच्यांना कळतं, तो नेमका कुठून निघाला ते.) आता पहिल्या भेटीचं विचारायचं होतं. आमचे हे फोन करायला निघाले होते, मीच थांबवलं.

फोनवर माणसाला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. मुलीचे वडील दुकानात असतील, गाडी चालवत असतील, आणि मुलीला विचारायच्या आतच "हो हो, या ना" म्हणून बसतील. मग ते "या ना" मुलीला निभावावं लागतं. लिहून पाठवलं की घरात चौघांनी वाचता येतं, रात्री मुलीशी बोलता येतं. म्हणून मी मेसेज लिहिला. नावं गाळून तो इथे देते:

"नमस्कार. मी चिंचवडहून मुलाची आई लिहिते आहे. बायोडाटा आणि पत्रिका आम्ही पाहिली, मुलालाही दाखवली. एकदा भेटावं असं त्याला आणि आम्हाला वाटतं. आपल्या मुलीची आणि आपली इच्छा असेल तरच ठरवू. आमच्याकडून मुलगा आणि आम्ही दोघं असे तिघंच येऊ. 11 आणि 18 तारखेचा रविवार आम्हाला चालेल, पण आपल्या सोयीचा दुसरा दिवस असेल तर तोही सांगावा. कराडला यायला आम्ही तयार आहोत, किंवा साताऱ्यात बाहेर कुठे भेटू, म्हणजे घरी कुणाची धावपळ नको. सकाळी 11 ते साडेबारा, फक्त चहापाणी. त्या दिवशी कुणी काही ठरवायचं नाही, देवाणघेवाणीचं बोलायचं नाही. मुलांना आधी फोनवर बोलायचं असेल तर तसं करू. विचार करून सवडीने कळवा. पुढे जायचं नसेल तर 'सध्या नको' एवढं लिहिलंत तरी चालेल, कारण विचारणार नाही."

यातली प्रत्येक ओळ आमच्या त्या रविवारची आठवण ठेवून लिहिली आहे.

तिघंच, कारण माणसं वाढली की भेटीचा कार्यक्रम होतो. आत्या, मामी, काका आले की प्रत्येकाला काहीतरी विचारावंसं वाटतं. मुलगी सगळ्यांना उत्तरं देत बसते आणि ज्याच्याशी बोलायचं तो मुलगा कोपऱ्यात गप्प. आमच्या नणंदबाईंना यायचंच होतं. मी त्यांना सांगितलं, दुसऱ्या भेटीला तुम्ही पहिल्या.

साडेबारा मुद्दाम लिहिलं. वेळ सांगितली नाही तर जेवणाची वेळ होते, मग त्या घरातली बाई सकाळपासून स्वयंपाकात, आणि ज्यांचं जेवलो त्यांना नकार देणं आपल्यालाही जड जातं.

साताऱ्याचं लिहिताना घरात वाद झाला. हे म्हणाले, मुलीचं घर बघितल्याशिवाय माणसं कशी कळणार? ते खरं आहे, पण घर दुसऱ्या भेटीत बघता येतं. पहिल्याच वेळी घरी गेलो की शेजारीपाजारी बघतात, गल्लीत बातमी होते आणि पुढे नाही जुळलं तर प्रश्न मुलीलाच विचारले जातात. बाहेर भेटायचं तर बिलाचंही आधी ठरवून टाकावं. आम्ही कळवलं की बोलावणं आमचं, तर चहाही आमच्याकडून.

तारखेबद्दलही सांगते. "तुमची हरकत नसेल तर रविवारी येतो" हे वाक्य ऐकायला नम्र वाटतं, पण त्यात हरकत घ्यायचं काम समोरच्यावर पडतं. दोन तारखा आणि तिसरी त्यांची, असं लिहिलं की त्यांना निवडता येतं. "मुलाला सुट्टी कमी आहे", "अजून दोन स्थळं सांगून आली आहेत", "तुळशीच्या लग्नानंतर लगेच बार उडवायचा आहे" हे तर मेसेजमध्ये अजिबात नको. खरं असलं तरी नको. मुलीकडच्यांना त्यातून घाईच ऐकू येते.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, मुलीच्या आईचं. मुलीला आधी फोनवर बोलायचं आहे, चालेल का? मुलं दोनदा बोलली. मग 18 तारखेला साताऱ्यात भेटलो. आम्ही तिघं, ते तिघं. थोड्या वेळाने मुलं पलीकडच्या टेबलावर गेली, आम्ही चौघं पाऊसपाणी आणि गुडघेदुखीवर बोलत बसलो. मी ओटीचं सामान नेलं नव्हतं, फक्त पेढ्यांचा एक पुडा, तोही त्यांच्या आईच्या हातात दिला. फोटो काढायचे नाहीत हे धाकट्याला आधीच बजावलं होतं. फोटो काढला की संध्याकाळपर्यंत घरच्या ग्रुपवर पडतो आणि अभिनंदनाचे हात जोडलेले मेसेज सुरू होतात. निघताना "मग काय, आवडली ना मंडळी?" असं हसत हसतही विचारायचं नाही, हे मी यांना गाडीतच सांगून ठेवलं होतं. फक्त म्हटलं, दोन्ही घरांनी आठ दिवसांत कळवू, जे असेल ते.

आपलाही निरोप त्या आठ दिवसांत जायला हवा. मुलाकडचे गप्प बसतात आणि मुलीकडचे रोज फोनकडे बघत राहतात, हे मी लेकीच्या वेळी भोगलं आहे. धाकट्याला मुलगी आवडली होती. तरी "आम्हाला पसंत आहे, तुमचं काय?" असं न लिहिता मी लिहिलं, "आम्हाला पुन्हा भेटायला आवडेल. आपला विचार ठरलेल्या मुदतीत कळवा, घाई नाही."

गुरुवारी त्यांचा मेसेज आला, "आपण सगळे खूप आपुलकीने भेटलात. पण मुलीला पुढे जावंसं वाटत नाही. स्पष्ट सांगतो, राग मानू नये."

धाकटा दोन दिवस शांत होता. मला वाईट वाटलंच, मुलगी मलाही फार आवडली होती. पण खोटी पत्रिका पुढे करावी लागली नाही त्यांना. मी उत्तर पाठवलं, "लगेच आणि खरं कळवलंत, बरं वाटलं. राग कसला? मुलीला आशीर्वाद सांगा. चिंचवडला कधी आलात तर घरी या."

काल तिच्या आईचा फोन आला होता. त्यांच्या बहिणीच्या मुलीसाठी स्थळं बघतायत, आमचा मेसेज त्यांना पाठवला तर चालेल का, विचारत होत्या.