साठ दिवस म्हणजे नेमके किती?

नोकरीला लागताना माणूस नेमणूकपत्रात पगाराच्या आकड्याखेरीज काही वाचत नाही, आणि नोकरी सोडताना नोटीस पिरियडच्या कलमाखेरीज काही वाचत नाही. माझ्या पत्रात ते कलम एका ओळीचं होतं: ६० दिवसांची लेखी नोटीस देऊन कोणत्याही पक्षाला करार संपवता येईल. ओळ साधी, सरळ, सुबोध. एवढ्याशा ओळीतून आमच्या ऑफिसने माझ्यासाठी चार शेवटचे दिवस काढले.

राजीनाम्याचा मेल मी शुक्रवारी, ३० जानेवारी २०२६ला रात्री साहेबांना पाठवला आणि एचआरला सीसीमध्ये ठेवलं. नव्या ठिकाणी १ एप्रिलला रुजू व्हायचं होतं, त्यामुळे हिशोब आधीच करून ठेवला होता. जानेवारीचा उरलेला एक दिवस, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१. झाले साठ. म्हणजे ३१ मार्चला इथून निरोप आणि दुसऱ्या दिवशी तिथे हजर. इतका चपखल हिशोब माझ्या आयुष्यात फारसा जुळत नाही, म्हणून मी खुशीत होतो.

पहिला खोडा साहेबांनीच घातला. "साठ दिवस म्हणजे कामाचे साठ दिवस रे. शनिवार-रविवार तू काम करतोस का?" (करतो. पण ती चर्चा वेगळी.) आठवड्याला पाच दिवस धरले तर साठ दिवसांना बारा आठवडे लागतात, आणि गाडी जाते थेट २४ एप्रिलला. वर शिवजयंती, पाडवा, गुड फ्रायडे, आंबेडकर जयंती! सणाची सुट्टी ऐकून पोटात गोळा येण्याची ही माझी पहिलीच वेळ. प्रत्येक सुट्टीमागे माझी सुटका एकेक दिवस लांबत होती.

दुसरा खोडा पोर्टलचा. साहेब सोमवार-मंगळवार रजेवर होते. बुधवारी, ४ फेब्रुवारीला येऊन त्यांनी 'स्वीकार' हे बटण दाबलं आणि पोर्टलने त्या दिवसापासून साठ मोजायला सुरुवात केली. उत्तर आलं ५ एप्रिल, रविवार. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "सर, लास्ट वर्किंग डे वर्किंगच हवा ना, मग सोमवार ६ एप्रिल धरू." दिवस मोजताना रविवार चालतात, पण संपताना चालत नाहीत, हे शास्त्र मला नवीन होतं.

तिसरी तारीख अकाउंट्समधल्या काकांनी माझ्या भल्यासाठी काढली. "अरे, पाच दिवसांचा गणपती चतुर्थी धरूनच पाच दिवस बसतो ना? मग मेलचा दिवस पहिला. तीस मार्चलाच मोकळा झालास!" मोह पडण्यासारखं होतं. पण कायदा गणपतीच्या हिशोबाने चालत नाही. १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं नववं कलम सांगतं की 'अमुक दिवसापासून' म्हटलं की तो पहिला दिवस सोडायचा. हे कलम खरं तर कायद्यांतल्या भाषेसाठी आहे, पण करारातले दिवस मोजतानाही हीच रीत पाळतात. त्यामुळे ३० जानेवारी बाद, मोजणी ३१ पासून. काका हिरमुसले. गंमत म्हणजे पत्रात 'दोन महिने' असं असतं, तर काकांचीच तारीख आली असती. महिन्यांची नोटीस दिवसांत फोडत नाहीत, पुढच्या महिन्यात तीच तारीख शोधतात. ३० जानेवारीचे दोन महिने ३० मार्चला भरतात आणि दिवस होतात ५९. तेच दोन महिने १ जुलैला सुरू केले तर १ सप्टेंबरला भरतात आणि दिवस होतात ६२. आपल्या सुप्रीम कोर्टानेही २०१०मध्ये लवादाच्या एका प्रकरणात तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हेत, असं सांगून ठेवलंय.

यातला सर्वात वात्रट महिना फेब्रुवारी. एक महिन्याची नोटीस २८ जानेवारीला द्या, २९ला द्या, ३०ला किंवा ३१ला द्या, साध्या वर्षात चौघांचीही मुदत २८ फेब्रुवारीलाच संपते, कारण पुढे तारीखच नाही. पण महिनाअखेरीपासून महिनाअखेरीपर्यंत असं धरायला जाल तर फसाल. इंग्लंडात एका भाडेकरूला ३० सप्टेंबर १९७८ रोजी नोटीस मिळाली. कोर्टात जायला मुदत चार महिने. सप्टेंबर संपताना मिळाली म्हणजे जानेवारी संपेपर्यंत मुदत, असं धरून त्याने ३१ जानेवारीला अर्ज केला. प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १९८१मध्ये निकाल लागला, की मुदत ३० जानेवारीलाच संपली होती. एका दिवसासाठी माणूस हरला! डॉड्स विरुद्ध वॉकर या नावाने हा निकाल वकील अजून सांगतात. मला तो वाचून रात्रभर झोप लागली नाही.

असो. आता साहेबांकडे वळलो. कामाचे दिवस ही त्यांची कल्पना पत्रात कुठेच नव्हती. नुसतं 'दिवस' म्हटलं की रविवार, पाडवा, सगळं धरून चालणारे कॅलेंडरचे दिवस. कामाचे दिवस हवे असतील तर तसं लिहावं लागतं. वेतन संहितेत ते लिहिलेलं आहे: नोकरी संपल्यावर देणं दोन कामाच्या दिवसांत द्यावं. कायदा करणाऱ्यांना 'कामाच्या' हा शब्द लिहायचा कंटाळा आला नाही, तो आपल्या नेमणूकपत्रात का आला असावा, असं मी साहेबांना नम्रपणे विचारलं. साहेबांनी एचआरकडे बोट दाखवलं.

राहिलं बटण. माझं म्हणणं असं की मोजणी नोटीस पोचल्यापासून सुरू होते. 'स्वीकारल्यापासून' असं पत्रात असतं तर मी गप्प बसलो असतो. आणि मेल पोचला कधी, तर आयटी ॲक्टच्या तेराव्या कलमाप्रमाणे, समोरच्याने नेमून दिलेल्या मेलबॉक्समध्ये तो शिरला तेव्हा. साहेबांनी तो उघडला कधी, रजेवर होते की महाबळेश्वरला, याचा संबंध नाही. शिवाय मेलमध्ये मी नुसतं 'साठ दिवस' लिहून थांबलो नव्हतो. '३१ मार्च २०२६ हा माझा शेवटचा दिवस राहील' असं स्वच्छ लिहिलं होतं, आणि त्याला एचआरचं 'नोटेड' असं एका शब्दाचं उत्तरही शुक्रवारी रात्रीच आलं होतं. मॅडमनी ते स्वतःच्याच आउटबॉक्समध्ये बराच वेळ पाहिलं.

"ठीक आहे सर, एकतीस मार्च," त्या म्हणाल्या. "पोर्टलमध्ये तारीख हाताने बदलायला आयटीला तिकीट टाकावं लागेल."

"किती दिवस लागतील?"

"पाच ते सात."

मी तोंड उघडलं, तोच मॅडम म्हणाल्या, "वर्किंग, सर. तिकिटावर लिहिलंय."