'दप्वी' आला की भूतकाळ लावा म्हणे!

"फ्रेंचचे काळ पाठ करायची गरज नाही! दप्वी म्हणजे 'पासून', भूतकाळ लावा. पाँदाँ म्हणजे 'साठी'. इलिया म्हणजे 'पूर्वी', नेहमी भूतकाळ. दाँ म्हणजे 'मध्ये', नेहमी भविष्यकाळ. इंग्रजी वाक्य डोक्यात ठेवा, शब्द बदला, झालं!"

हा मेसेज माझ्या भाचीला तिच्या क्लासच्या ग्रुपवर आला. तिची डेल्फ ए-टूची परीक्षा तोंडावर आहे. तिने तो वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतला आणि सरावाचा निबंध मला तपासायला पाठवला. पहिलंच वाक्य होतं, 'झे आबिते आ नाशिक दप्वी वीताँ.' तिला म्हणायचं होतं, मी आठ वर्षांपासून नाशिकला राहते. फ्रेंच माणूस हे वाचून अडखळेल, कारण क्रियापद सांगतंय की राहणं संपलं आणि 'दप्वी' सांगतोय की ते अजून चालू आहे. मी वीसेक वर्षं फ्रेंच शिकवते आहे. ही एकच चूक इतक्या वह्यांमध्ये पाहिली आहे की आता तिच्यावर सविस्तर लिहिणं भाग आहे.

चुकीचं मूळ त्या मेसेजच्या शेवटच्या ओळीत आहे. इंग्रजीत 'आय हॅव बीन लिव्हिंग' म्हणतात. त्यातलं 'हॅव' बघून मुलं फ्रेंचमध्ये 'आव्वार' शोधतात, म्हणजे पासे काँपोझे, घडून संपलेल्या गोष्टीचा भूतकाळ, लावतात. पण इंग्रजीला मध्ये आणायचंच कशाला? आपण मराठीत काय म्हणतो? 'मी आठ वर्षांपासून नाशिकला राहते.' सरळ वर्तमानकाळ. फ्रेंचही तेच म्हणतं, 'झाबित आ नाशिक दप्वी वीताँ.' जे मागे सुरू झालं आणि बोलताना चालू आहे, त्याला दोन्ही भाषा वर्तमानकाळ देतात. मराठी मुलांना इथे काही शिकवावंच लागू नये. आपल्या तोंडी असलेलं बरोबर वाक्य हा मेसेज इंग्रजीत नेतो आणि तिथून चुकीचं करून परत आणतो.

हीच जोडी पुढेही टिकते. 'मी तासभर वाट बघत होते, तेव्हा बस आली' हे 'झाताँदॅ दप्वी यूनर, काँ ल ब्यूस ए तारिवे'. वाट बघणं तेव्हा चालू होतं, म्हणून अँपार्फॅ, म्हणजे चालू असलेल्या गोष्टीचा भूतकाळ. बस एकदाच आली, म्हणून पासे काँपोझे. मराठीतही 'बघत होते' आणि 'आली' हा फरक आपण न शिकवता करतोच.

आता एक गोष्ट मान्य करायला हवी, मनात नसलं तरी. 'दप्वी'बरोबर पासे काँपोझे येतो, पण ठरावीक जागी. एक म्हणजे नकारात: 'झ न ले पा व्यू दप्वी त्र्वा झूर', मी तिला तीन दिवसांपासून पाहिलं नाही. बघा, मराठीतही इथे 'पाहिलं' आलंच. दुसरं, जे होऊन गेलं आणि ज्याचा परिणाम उरला आहे, तिथे. गेल्या वर्षापासून भाव वाढले, असं म्हणताना फ्रेंचही 'वाढले'च म्हणतं. मेसेज लिहिणाऱ्याने हे कुठेतरी पाहिलं असेल आणि त्यालाच नियम करून टाकलं.

'पाँदाँ' म्हणजे 'साठी' हेही धोक्याचं आहे. 'पाँदाँ' एखादी गोष्ट किती वेळ चालली ते सांगतो, आणि ती मोजून झालेली असेल तर पासे काँपोझे लागतो. मी सांगलीत तीन वर्षं राहिले, 'झे आबिते आ सांगली पाँदाँ त्र्वाझाँ'. मराठीत इथे 'साठी' कुठे आहे? काहीच नाही, नुसतं 'तीन वर्षं'. फ्रेंचमध्येही असा 'पाँदाँ' बऱ्याचदा गाळता येतो. ठरवून, अमुक इतक्या मुदतीसाठी निघालो असं म्हणायचं असेल तर 'पूर' येतो: 'झ पार पूर द समॅन', मी दोन आठवड्यांसाठी जाते आहे. 'साठी' तिथे. आणखी एक चूक इथेच होते. तीन वर्षं हे मोजमाप दिलं की मुलं 'राहत होते' समजून अँपार्फॅ टाकतात. मोजलेल्या, संपलेल्या काळाशी तो जुळत नाही.

'इलिया'वर फार वेळ घालवत नाही. 'झे देमेनाझे इलिया दझाँ', दोन वर्षांपूर्वी घर बदललं. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. त्या वेळची परिस्थिती सांगायची असेल तर अँपार्फॅही चालतो, 'इलिया सँकाँ, झाबितॅ आ सांगली'. पण 'नेहमी भूतकाळ' हा शब्द खोटा आहे. 'इलिया'नंतर मुदत आणि मग 'क' आला की अर्थ 'दप्वी'चा होतो आणि काळ वर्तमान: 'इलिया सँकाँ क झाबित इसी', मला इथे राहायला लागून पाच वर्षं झाली. इथे मात्र मराठी आपल्याला फसवते. आपण 'झाली' म्हणतो, म्हणून हात भूतकाळाकडे जातो. या एका रचनेपुरतं मराठी वाक्य उलटं करून 'पाच वर्षांपासून राहते' असं म्हणून पाहायचं आणि मग लिहायचं.

'दाँ'बद्दल मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण या चुकीने माणसांची भेट हुकते. फ्रेंच शब्दकोशात या 'दाँ'चा अर्थ 'ओ बू द' असा देतात, म्हणजे 'इतका वेळ सरल्यावर'. म्हणजे तो आपला 'त' नाही, 'नी' आहे. मराठीत दोन तासांत आणि दोन तासांनी यांतला फरक पोरसोरही ओळखतात. 'झ फिनी स लिव्र आँ दझर' म्हणजे हे पुस्तक मी दोन तासांत संपवते, इतका वेळ लागतो. 'झ फिनी स लिव्र दाँ दझर' म्हणजे आत्तापासून दोन तासांनी संपवते. पहिल्यात 'आँ', दुसऱ्यात 'दाँ'. मेसेजने 'मध्ये' हा शब्द देऊन दोन्ही एकत्र केले. आणि 'नेहमी भविष्यकाळ'ही नाही, कारण वरच्या वाक्यांत क्रियापद वर्तमानातच आहे. जसं आपण 'दोन तासांनी निघते' म्हणतो, तसंच. भविष्यकाळही चालतो. चालत नाही तो भूतकाळ. गेल्या आठवड्यातली गोष्ट सांगताना 'दोन तासांनी ती आली' असेल तर तिथे 'दाँ' नाही, 'दझर प्ल्यू तार' म्हणायचं.

काल संध्याकाळी भाचीला फोनवर वहीचं पहिलं पान काढायला लावलं. तिने तो मेसेज खोडला आणि खाली चार मराठी वाक्यं लिहिली: आठ वर्षांपासून राहते, तीन वर्षं राहिले, दोन वर्षांपूर्वी बदललं, दोन तासांनी निघते. त्यांच्यासमोर फ्रेंच लिहायला तिला दहा मिनिटं लागली. एकदाच अडखळली, 'दोन तासांनी निघते'वर. 'आँ' लिहून मग मावशी, थांब, म्हणाली आणि स्वतःच 'दाँ' केलं.