सेफ्टी पिनवाल्या मेसेजला उत्तर

«मोबाइल हळू चार्ज होतोय? केबल हलवली तरच चार्ज होतो? दुकानात जाऊ नका! (1) सेफ्टी पिनने चार्जिंग पोर्ट आतून नीट खरवडा, आतले पॉइंट चमकले पाहिजेत. (2) मग सॅनिटायझरचे दोन थेंब टाका, सगळा मळ विरघळतो. (3) जास्त वॅटचा चार्जर कधीही लावू नका, बॅटरी फुगते. (4) महाग केबल घेऊ नका, सगळ्या सारख्याच असतात. (5) एअरप्लेन मोड ऑन करा, दुप्पट स्पीड. ग्रुपवर पाठवा!»

आत्याने हा मेसेज मला पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "केलं सगळं. आता अजिबातच चार्ज होत नाहीये." म्हणजे पिन आधीच आत जाऊन आली होती आणि मला विचारायचं ते नंतर सुचलं. एरवी असले मेसेज मी न वाचता पुढे सरकवतो, पण या वेळी घरातला फोन बसला, म्हणून लिहितोय.

पिनेपासूनच सुरू करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिनेच होतं. आजकालच्या बहुतेक फोनांना सी टाइप पोर्ट असतो. त्यात टॉर्च मारून बघा. मधोमध एक पातळ पट्टी दिसेल, जाडी फक्त 0.7 मिलिमीटर. तिच्या वरच्या अंगाला बारा आणि खालच्या अंगाला बारा पॉइंट असतात, एका पॉइंटच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत अर्धा मिलिमीटर. सेफ्टी पिनेची टोकदार बाजू सोडली तर तिची जाडी साधारण तेवढीच किंवा थोडी जास्तच भरते. एका पॉइंटवरून पिन फिरवायची म्हटलं तरी ती शेजारच्यावरून जाणार. पॉइंटवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो, आणि सोनं गंजत नाही म्हणूनच तो तिथे दिलेला असतो. "चमकले पाहिजेत" म्हणून तो खरवडला की खालचा धातू उघडा पडतो. त्या दिवशी तो चमकतो खरा, पण पुढे काळा पडत जातो. त्याहून वाईट म्हणजे पिनेचं टोक पॉइंटच्या कडेखाली शिरलं, तर पॉइंट पट्टीवरून उचकटतो. आणि जोर जास्त लागला तर पट्टीलाच चीर जाते.

पिनेने शॉक बसेल, स्फोट होईल, असं मी म्हणणार नाही. चार्जर जोडलेला नसताना फोनच्या पोर्टातून सहसा वीज बाहेर येत नाही. नुकसान होतं ते निव्वळ खरवडण्यामुळे, आणि ते भरून येत नाही.

आता नाइलाजाने एक कबूल करतो. पोर्टात कचरा साचतो आणि तो काढला की फोन पुष्कळदा सुधारतो, हे त्या मेसेजातलं खरं आहे. खिशातले कापडाचे तंतू पोर्टात जातात. प्रत्येक वेळी केबल खुपसली की ते तळाशी ठोकून बसवले जातात. वर्षभरात तिथे नमद्यासारखा घट्ट, करडा थर तयार होतो. वरून बघितलं तर पोर्ट रिकामाच वाटतो, कारण थराचा रंग तळाच्या रंगात मिसळून जातो. ओळखायचं असेल तर केबल पूर्ण दाबून बघा. नवीन फोनला केबल लावली की शेवटी बारीक टक् होतं आणि प्लगचा प्लॅस्टिकचा भाग फोनच्या कडेला जवळजवळ टेकतो. कचरा असेल तर ते टक् होत नाही, धातूची चकचकीत पट्टी मिलिमीटरभर बाहेर दिसत राहते, आणि प्लग हाताने डुलतो.

केबल हलवली की चार्जिंग सुरू का होतं, याचं उत्तर याच मिलिमीटरभरात आहे. सी टाइपमध्ये वीज वाहणारे आणि ती परत नेणारे जमिनीचे, म्हणजे ग्राउंडचे, पॉइंट आधी जुळतात, बाकीचे नंतर, अशी मुद्दाम रचना केलेली आहे. यूएसबीचे नियम ठरवणारी यूएसबी-आयएफ ही संस्था आहे. तिचं मूळ तपशीलपत्र कुणीही उतरवून घेऊन वाचू शकतं, आणि या लेखातली पोर्टची मापं व जोडणीचे नियम तिथलेच आहेत. नंतर जुळणाऱ्या पॉइंटांमध्ये सीसी नावाचा एक पॉइंट असतो. फोन आणि चार्जर यांचं बोलणं त्याच्यावर चालतं. प्लग अर्धवट बसला की वीज वाहणारे पॉइंट टेकलेले असतात, पण सीसी अधांतरी राहतो. दोन्ही टोकांना सी टाइप असलेल्या केबलवर मग चार्जरला पलीकडे कोणी आहे हेच कळत नाही आणि तो वीज सोडतच नाही. केबल वाकवून धरली की सीसी टेकतो, चार्जिंग सुरू होतं. हात काढला की बंद. मध्येच तुटून पुन्हा जुळलं तर बोलणं पहिल्यापासून सुरू होतं, म्हणून फास्ट चार्जिंग येतं-जातं.

काढायचं कसं? फोन बंद करा, केबल काढा. लाकडी टूथपिक घ्या, पण तशीच घालू नका. पोर्टच्या तोंडाची उंची अडीच मिलिमीटरपेक्षा जरा जास्त, म्हणजे पट्टीच्या वर आणि खाली जेमतेम 0.9 मिलिमीटर जागा उरते. टूथपिक ब्लेडने तासून चपटी करावी लागते. ती पोर्टच्या बाहेरच्या भिंतीला घासत आत न्या, पट्टीला टेकवू नका. तळाशी गेल्यावर कोपऱ्याकडून मधे असं हळूच ओढा. थर एकदम सुटत नाही, आधी दोन-चार तंतू येतात, मग अचानक एक पुंजका बाहेर येतो. दोन्ही बाजूंनी करा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो.

दुसरा मुद्दा सॅनिटायझरचा. कापडाचे तंतू सॅनिटायझरमध्ये विरघळत नाहीत. ते भिजतात, फुगतात आणि आणखी घट्ट बसतात. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोलबरोबर पाणी असतं, आणि हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीनसारखं चिकट काही घातलेलं असतं. अल्कोहोल उडून जातं, चिकटपणा राहतो. त्यावर पुढचा कचरा छान चिकटतो. आणि ओल्या पोर्टात चार्जर लावला तर वीज आणि पाणी मिळून पॉइंट खाऊन टाकतात, मग तिथे हिरवट डाग दिसतात. आत्याच्या फोनमधून मी जो गोळा काढला तो ओलाच होता.

आता केबल. "सगळ्या सारख्याच" हे वाक्य वाचून मला गूगलमधले इंजिनिअर बेन्सन लेउंग आठवले. सी टाइप केबल विकत घेऊन तपासायचा उद्योग त्यांनी स्वतःहून अंगावर घेतला होता. 2016 मध्ये एका केबलमध्ये वीज आणि जमिनीच्या तारा उलटसुलट जोडलेल्या निघाल्या, आणि तपासताना त्यांचा लॅपटॉपच निकामी झाला. एवढा वाईट माल रोज भेटत नाही. रोजची अडचण साधी असते. आतली तांब्याची तार बारीक असते.

हिशेब करून बघा. 28 गेजची बारीक तार असलेली एक मीटरची केबल घेतली तर वीज जाऊन परत येण्याच्या वाटेत साधारण 0.43 ओहम अडथळा येतो. त्यातून 2 अँपिअर ओढले की 0.86 व्होल्ट केबलमध्येच खर्च होतात. चार्जरने 5 दिले तर फोनपाशी 4.1 पोचतात. भरत आलेली बॅटरी स्वतःच 4.3 व्होल्टच्या आसपास असते. फोनला हे कळतं, म्हणून तो कमी अँपिअर ओढतो आणि चार्जिंग रांगतं. तीच केबल 24 गेजची असती तर नुकसान 0.34 व्होल्ट. लांबी दुप्पट केली की नुकसानही दुप्पट. काही केबलच्या अंगावर बारीक अक्षरात 24AWG/2C असं छापलेलं असतं. 2C च्या आधीचा आकडा वीज वाहणाऱ्या तारांचा असतो. तो जितका लहान, तितकी तार जाड. बाहेरून दोरीसारखी विणलेली जाड केबल आतून बारीक असू शकते, तेव्हा हाताला जाड लागते यावर जाऊ नका.

आणि पोर्ट साफ करूनही प्लग ढिला वाटत असेल, तर पोर्टला दोष देण्याआधी दुसरी केबल लावून बघा. सी टाइपमध्ये पकडून ठेवणाऱ्या स्प्रिंगा केबलच्या प्लगमध्ये असतात, पोर्टात नसतात. झिजतं ते केबलचं टोक. प्लग फोनमध्ये घट्ट धरून ठेवा आणि फक्त त्याच्या मागची वायर वाकवा. चार्जिंग गेलं तर तार आतून तुटली आहे, आणि टूथपिकने तार जुळत नाही.

वॅटच्या भीतीबद्दल थोडक्यात. सी टाइप चार्जर फोन ओळखल्यावर आधी 5 व्होल्टच देतो, फोनने मागितल्याशिवाय वर जात नाही. 65 वॅटचा लॅपटॉपचा चार्जर 18 वॅट घेणाऱ्या फोनला लावला तर फोन 18 च घेतो. उलट मेसेजमध्ये नसलेली खरी गोष्ट अशी, की काही कंपन्यांचं फास्ट चार्जिंग त्यांच्याच चार्जर आणि केबलवर चालतं. म्हणून दुसऱ्या कंपनीचा मोठा चार्जर लावूनही फोन हळू चार्ज होऊ शकतो. गरम फोन चार्जिंगचा वेग स्वतःच कमी करतो, आणि 80 टक्क्यांनंतर तो सगळ्यांचाच कमी होतो. सतत तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, एवढं मी मान्य करतो.

एअरप्लेन मोडने थोडी वीज वाचते. दुप्पट वगैरे काही होत नाही.

आत्याच्या फोनमधून टूथपिकने ओला गोळा काढला, दिवसभर पोर्ट खाली करून सुकू दिला, आणि केबल लावली. टक् झालं, पण चार्जिंग नाही. केबल उलटी करून लावली तर सुरू. सी टाइप दोन्ही बाजूंनी चालायला हवा. एकाच बाजूने चालत असेल, तर बहुधा पट्टीच्या एका अंगाचा सीसी गेलेला असतो. भिंग लावून बघितलं तर खालच्या अंगाचा एक पॉइंट उचकटलेला होता आणि त्याच्या बाजूला पिनेचा ओरखडा स्पष्ट दिसत होता. आत्याने केबलच्या प्लगवर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवलाय, आणि ठिपका वर असेल तरच फोन चार्ज होतो.